जाहिरातीचा हिशेब, भाग ६ : सुरुवात कुणाची, शेवट कुणाचा?

गेल्या भागात आपण शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय देण्याची पद्धत पाहिली. आज असिस्ट रेशोकडे वळू. एखादं माध्यम ग्राहकाच्या वाटेवर आलं, पण शेवटचं नव्हतं, तर त्याच्या नावावर एक असिस्ट लागतो. असिस्टच्या संख्येला शेवटच्या क्लिकवर आलेल्या ऑर्डरींनी भागलं की हा रेशो मिळतो. तो शून्याजवळ असेल तर माध्यम मुख्यतः सौदा पूर्ण करतं; एकच्या वर गेला तर सहाय्य जास्त करतं.

समजा, येवल्याच्या एका पैठणी दुकानाची ऑनलाइन विक्री आहे. महिन्याच्या अहवालात दुकानाच्या नावाने केलेल्या गूगल सर्चच्या जाहिरातीतून शेवटच्या क्लिकवर २०० ऑर्डरी आणि ६० असिस्ट, म्हणजे रेशो ०.३. इन्स्टाग्रामच्या ४० ऑर्डरी आणि १२० असिस्ट, रेशो ३. रीमार्केटिंगच्या ३० ऑर्डरी, ९० असिस्ट, इथेही ३.

फक्त ऑर्डरी पाहणारा मालक इन्स्टाग्राम बंद करून पैसे सर्चवर लावेल. पण दुकानाचं नाव शोधणाऱ्याला ते आधी कुठेतरी कळलेलं असतं. लग्नाची पैठणी ठरायला आठवडे जातात, त्यामुळे तोटा लगेच दिसत नाही. पुढच्या महिन्यात नावाने होणारे शोधच घटतात, आणि कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

रेशो सारखा म्हणून इन्स्टाग्राम आणि रीमार्केटिंगचं काम सारखं समजणं ही त्याहून मोठी चूक. वाटेची सुरुवात आणि मधला टप्पा असिस्ट वेगळे मोजत नाही. म्हणून पहिल्या क्लिकचा आकडा शेजारी ठेवावा. इन्स्टाग्रामने १०० वाटा सुरू केल्या असतील आणि रीमार्केटिंगने २, तर चित्र स्पष्ट होतं. साइटवर येऊन गेलेल्यांनाच रीमार्केटिंगची जाहिरात दिसते, ती नवा ग्राहक आणत नाही. माझ्या मते पैसे काढायचेच असतील तर आधी तिथून थोडे काढावेत.

जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये हा रेशो तयार मिळे; जुलै २०२३ पासून ते टप्प्याटप्प्याने बंद झालं. GA4 मध्ये Attribution paths अहवालात सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे टप्पे दिसतात. एकाच ऑर्डरीचा असिस्ट अनेक माध्यमांना मिळतो, म्हणून असिस्टची बेरीज करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकला UTM जोडलं नसेल तर ती भेट बहुधा Direct मध्ये जाते, आणि ओळखीतून आलेला ग्राहक अहवालात हरवतो.

शिवाय, जाहिरात नसती तर ऑर्डर आली असती का, हे कुठलाच रेशो सांगत नाही. त्यासाठी नाशिक-अहिल्यानगरमध्ये चार आठवडे इन्स्टाग्राम बंद ठेवा, सांगली-सोलापूरमध्ये चालू ठेवा, आणि दोन्हीकडच्या एकूण ऑर्डरी आधीच्या चार आठवड्यांशी ताडून पाहा. लग्नसराई दोन्ही टप्प्यांत सारखी असावी. बजेट कापण्याचा निर्णय ही चाचणी झाल्यावरच घ्या.