तीन रेघांत तीसचे पाच हजार: चिनी चेकवरचे अक्षरी आकडे

रोजच्या चिनी लिखाणात आकडे लिहायला फार सोपे असतात. एक म्हणजे एक आडवी रेघ (一), दोन म्हणजे दोन रेघा (二), तीन म्हणजे तीन (三). दहा म्हणजे अधिकचे चिन्ह (十) आणि त्याच्या माथ्यावर एक तिरपा फराटा दिला की हजार (千). मुलांना शिकवायला ही पद्धत चांगली आहे, पण पैशाच्या कागदावर ती घातक ठरते. कारण एक पुसून दोन करावे लागत नाहीत, नुसती एक रेघ वाढवली की काम होते. कोणी पावतीवर तीस म्हणून 三十 लिहिले, तर पहिल्या अक्षरात दोन आणि दुसऱ्यात एक रेघ घालून त्याचे 五千 म्हणजे पाच हजार करता येतात. मूळ शाईला हात लागत नाही, कागद खरवडला जात नाही. त्यामुळे नंतर कागद तपासणाऱ्यालाही खोडल्याची खूण सापडत नाही.

यावर चिनी हिशेबनिसांनी जो उपाय काढला तो म्हणजे आकड्यांचा दुसरा, अवघड संच. त्याला चिनीत ‘दाश्ये’ म्हणतात, म्हणजे मोठे लेखन. यात एक ते नऊ हे आकडे 壹, 贰, 叁, 肆, 伍, 陆, 柒, 捌, 玖 असे लिहितात, दहा 拾, शंभर 佰 आणि हजार 仟. उच्चार मात्र साध्या आकड्यांचेच राहतात. त्यामुळे रक्कम मोठ्याने वाचली तर ऐकणाऱ्याला काही फरक कळत नाही, फरक फक्त कागदावर दिसतो. यातली बरीच अक्षरे मुळात आकडे नव्हतीच. सहासाठी घेतलेल्या अक्षराचा एरवीचा अर्थ जमीन, दहासाठीच्या अक्षराचा अर्थ खाली पडलेले उचलणे आणि नऊसाठीच्या अक्षराचा अर्थ एक काळसर मौल्यवान दगड. उच्चार जुळतो आणि रेघांची गर्दी आहे, एवढ्यावर त्यांची निवड झाली. या संचातल्या कोणत्याही अक्षरात एकदोन रेघा वाढवून दुसरा आकडा तयार होत नाही. सगळी युक्ती एवढीच आहे.

चीनमध्ये या पद्धतीचे श्रेय बहुधा मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याला दिले जाते. १३८५ साली महसूल खात्यातला वरिष्ठ अधिकारी ग्वो ह्वान आणि त्याच्या साथीदारांनी सरकारी धान्याचा प्रचंड अपहार केल्याचे उघडकीस आले. मूळचा शेतकऱ्याघरचा हा सम्राट अशा बाबतीत अत्यंत कठोर होता. त्याने हजारो लोकांना ठार मारले आणि त्यानंतर हिशेबात अवघड आकडे सक्तीचे केले, असे सांगितले जाते. पण ही अक्षरे त्या प्रकरणाहून कितीतरी जुनी आहेत. पश्चिमेकडच्या तुर्फान भागातल्या कोरड्या वाळूत तांग काळातले व्यवहाराचे कागद टिकून राहिले. त्यांतही रकमा आणि मापे अवघड अक्षरांत लिहिलेली आढळतात. म्हणजे होंगवूच्या आधी सहासात शतके लोक स्वतःच्या व्यवहारात ही काळजी घेत होते. सम्राटाचा शोध म्हणण्यापेक्षा व्यापारी आणि कारकुनांची सवय म्हणणे अधिक खरे.

आजची पद्धत मात्र सवयीवर सोडलेली नाही. चीनची मध्यवर्ती बँक, पीपल्स बँक ऑफ चायना, हिने १९९७ साली पैशाच्या देवघेवीचे जे नियम लागू केले, त्यांच्या जोडपत्रात चेक कसा भरायचा हे बारकाईने सांगितले आहे. साधे आकडे रकमेत चालत नाहीत. बोलीभाषेतले शब्दही चालत नाहीत. उदाहरणार्थ, युआनच्या दहाव्या भागाला लोक बाजारात ‘माओ’ म्हणतात, पण चेकवर ‘ज्याव’ असेच लिहावे लागते. शून्यासाठी रिकामे वर्तुळ चालत नाही, 零 हे भरगच्च अक्षर लिहावे लागते. जुन्या पारंपरिक वळणाची अक्षरे मात्र स्वीकारली जातात.

एक रक्कम प्रत्यक्ष लिहून पाहिली की नियमांमागचा विचार समजतो. समजा चेक २०,३०५ युआन आणि ८ फन इतक्या रकमेचा आहे. एका युआनचे दहा ज्याव आणि एका ज्यावचे दहा फन होतात. आकड्यांत ही रक्कम ¥20305.08 अशी लिहिली जाते आणि ¥ या चिन्हाला पहिला आकडा चिकटलेला असावा लागतो. अक्षरांत ती अशी होते:

```
人民币贰万零叁佰零伍元零捌分
```

पहिली तीन अक्षरे चलनाचे नाव सांगतात: रनमिनबी. त्यांना लागून लगेच रक्कम सुरू होते, मधे बोटभरही जागा सोडायची नसते. नंतर येतात दोन ‘वान’. चिनी मोजणीत हजारानंतरचे मोठे एकक लाख नसून दहा हजार आहे, त्याला वान म्हणतात, म्हणून वीस हजार म्हणजे दोन वान. हजाराच्या जागी काही नाही, तिथे 零 येते. मग तीनशे, दशकाची जागा रिकामी म्हणून पुन्हा 零, मग पाच युआन. ज्यावची जागाही रिकामी असल्याने तिसऱ्यांदा 零 आणि शेवटी आठ फन. रिकाम्या जागेवरचे हे 零 म्हणजे तिथे काहीही घुसवायला वाव नाही याची नोंद असते.

रकमेचा शेवट कुठे होतो यालाही महत्त्व आहे. फन हे सर्वांत लहान एकक असल्याने त्यानंतर काही लिहायचे नसते. पण रक्कम युआनवरच थांबत असेल तर पुढे 整 हे अक्षर लिहावेच लागते, त्याचा अर्थ पूर्ण. ज्याववर थांबत असेल तर ते लिहिले तरी चालते, नाही लिहिले तरी चालते. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपणही चेकवर ‘अक्षरी रुपये पाच हजार मात्र’ असे लिहितो. त्यातला ‘मात्र’ आणि हे 整 एकच काम करतात: पुढची वाट बंद करतात.

दहा ते एकोणीस या रकमांची गंमत वेगळी आहे. बोलताना चिनी माणूस पंधराला ‘दहा पाच’ म्हणतो, पुढे ‘एक’ लावत नाही. चेकवर मात्र 壹拾伍, म्हणजे ‘एक दहा पाच’ असेच लिहावे लागते. नुसते 拾伍 लिहिले तर त्याच्या डाव्या बाजूला एक 贰 घालून पंधराचे पंचवीस करता येतात. अवघड अक्षरेसुद्धा या चोरीला थांबवू शकत नाहीत, कारण इथे कोणतेही अक्षर बदलले जात नाही, फक्त एक वाढते. म्हणून डावी बाजू ‘एक’ने भरून टाकायची.

चेकची तारीखही याच अक्षरांत लिहावी लागते आणि माझ्या मते सगळ्या नियमावलीतला सर्वांत हुशार भाग हाच आहे. चीनमध्ये चेक काढल्याच्या तारखेपासून दहा दिवसांत बँकेत दाखवावा लागतो; भारतात ही मुदत तीन महिने आहे. इतक्या कमी मुदतीत तारीख पुढे सरकवता आली तर शिळा चेक ताजा होतो. म्हणून पहिला, दुसरा आणि दहावा महिना लिहिताना आधी 零 लावावे लागते. नेमके हेच तीन महिने का? फेब्रुवारी नुसता ‘दोन’ असा लिहिला तर पुढे ‘एक दहा’ लावून त्याचा बारावा महिना होतो, तसाच जानेवारीचा अकरावा. तेराव्या महिन्यापासून पुढे महिनेच नसल्यामुळे मार्च ते सप्टेंबरला हा धोका नाही. दहाव्या महिन्यात मात्र मागून ‘एक’ किंवा ‘दोन’ घुसवता येतो. आधी 零 असल्यावर अशी भर टाकली की ‘शून्य एक दहा एक’ अशी नियमात न बसणारी रचना तयार होते आणि खिडकीवरच्या कारकुनाला ती लगेच खटकते. दिवसांनाही हाच न्याय आहे: एक ते नऊ आणि दहा, वीस, तीस यांच्याआधी शून्य, अकरा ते एकोणीस यांच्याआधी ‘एक’. दहा फेब्रुवारी अशी लिहिली जाते:

```
零贰月零壹拾日
```

तारीख साध्या आकड्यांत लिहिली तर बँक चेक घेत नाही. अवघड अक्षरांत पण शून्याचा नियम न पाळता लिहिली तर बँक तो घेऊ शकते, मात्र त्यातून होणारे नुकसान चेक काढणाऱ्याच्या माथी पडते.

चेकवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोन्ही ठिकाणी लिहिली जाते. दोन्ही जुळली नाहीत तर काय, याचे उत्तर भारतात आणि चीनमध्ये वेगळे आहे. भारतात १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या अठराव्या कलमानुसार अक्षरी रक्कम खरी धरली जाते. चीनमध्ये १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या कायद्याच्या आठव्या कलमानुसार तो चेकच रद्दबातल ठरतो. नववे कलम सांगते की रक्कम, तारीख आणि पैसे घेणाऱ्याचे नाव यांत दुरुस्ती करताच येत नाही. दुरुस्ती झाली की चेक बाद. सही करूनही ती चालत नाही. चिनी कायदा इथे अधिक कडक आहे आणि अवघड अक्षरांच्या पद्धतीशी तो सुसंगतही आहे. जिथे अक्षरी रकमेला हात लावता येऊ नये एवढा खटाटोप केला, तिथे तिच्या शेजारचा आकडा वेगळा निघाला तर संशय घेणेच योग्य. याचा त्रास प्रामाणिक माणसालाही होतो. 柒 लिहिताना एखादा भाग चुकला तर चेक फाडून नवा लिहावा लागतो.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ती भर घालण्याला अटकाव करते, पुसण्याला नाही. रसायनाने शाई उडवून नवी रक्कम लिहिणाऱ्यासमोर अक्षरांची गर्दी निरुपयोगी आहे, तिथे चेकचा कागद आणि त्याची छपाईच उपयोगी पडते. रकमेच्या आधी जागा सोडली तरीही सगळी मेहनत वाया जाते. म्हणून ज्या पावत्यांवर वान, हजार, शंभर, दहा अशी एकके आधीच छापलेली असतात, तिथे वरच्या न लागणाऱ्या घरांत ⊗ असे फुलीचे वर्तुळ काढून ती बंद करायची पद्धत आहे. एखाद्या पावतीवर ही घरे कोरी दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

हाताने लिहिणे कमी झाले तरी ही अक्षरे गेलेली नाहीत. शंभर युआनच्या नोटेवर आजही 壹佰圆 असेच छापलेले असते. एक्सेलमध्ये `[DBNum2]` हे स्वरूप दिले की चिनी आवृत्ती आकड्याची अवघड अक्षरे करून देते. पण दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे ती ज्याव-फनमध्ये बदलत नाही, नुसते एकेक करून लिहिते, म्हणून हिशेबनिसांना त्यासाठी वेगळे सूत्र लिहावे लागते. करासाठीची अधिकृत पावती, म्हणजे ‘फाप्याव’, आता बहुतांशी डिजिटल झाली आहे आणि तिच्यावरची एकूण रक्कम संगणकच भरतो. तिथे कोणी पेनाने रेघ वाढवू शकत नाही, तरीही ती रक्कम अवघड अक्षरांतच छापली जाते आणि तिच्या आधी ते ⊗ चिन्हही असतेच.