नव्वदावा दिवस आणि त्यानंतरच्या नोटिसा

कर्जाचे हप्ते थकले की खातं 'एनपीए झालं' असं बँकेतून सांगतात. एनपीए म्हणजे ज्या कर्जातून बँकेला व्याज-मुद्दल येणं थांबलं आहे ते कर्ज, म्हणजेच अनुत्पादक कर्ज. ते नेमकं कोणत्या दिवशी होतं आणि मग घरी कोणते कागद येतात, ते आज बघू.

समजा, पिरंगुटच्या एका ताईंनी पुण्यातल्या बँकेकडून घर तारण ठेवून शिलाईच्या धंद्यासाठी कर्ज घेतलं. दर महिन्याच्या ५ तारखेला ६ हजारांचा हप्ता. ५ जूनचा हप्ता चुकला, जुलैचा आणि ऑगस्टचाही. ५ जूनपासून मोजायला लागा. ३ सप्टेंबरला ९० दिवस भरतात. त्या दिवशी बँकेचा हिशेब बंद होताना खातं एनपीए होतं. चौथ्या हप्त्याची तारीख यायच्या आधीच!

आता नीट ऐका. मोजणी सगळ्यांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून होते. ताईंनी ऑगस्टअखेर जूनचा हप्ता व्याजासह भरला असता, तर मोजणी ५ जुलैपासून धरली गेली असती आणि जवळजवळ एक महिना हाताशी आला असता. भरलेले पैसे कोणत्या हप्त्यात जमा धरले, हे मात्र पासबुकात किंवा खातेउताऱ्यात बघून घ्यावं. ३ सप्टेंबरनंतर एक हप्ता भरून भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सगळी थकबाकी व्याजासह चुकती केली तरच खातं पुन्हा नियमित होतं. त्याच बँकेत ताईंचं दुसरं कर्ज असेल, तर त्याचे हप्ते वेळेवर जात असले तरी तेही एनपीए धरलं जातं.

एनपीए झाल्यावर तारण असलेल्या कर्जासाठी बँक २००२ चा सरफेसी कायदा वापरू शकते. त्यातली पहिली ६० दिवसांची मागणी नोटीस. तिच्यात थकलेले तीन हप्ते नव्हे, तर सगळं बाकी कर्ज मागितलेलं असतं. नोटीस घेतली नाही म्हणून ती टळत नाही. बँक ती दारावर चिकटवते आणि वर्तमानपत्रात छापते. तेव्हा ती घ्यावी, रक्कम आणि घराचं वर्णन ताडून बघावं. काही चुकलं असेल, किंवा अडचण सांगायची असेल, तर लेखी कळवून पोच घ्यावी. ताईंचं म्हणणं बँकेला पटलं नाही, तर १५ दिवसांत कारणासह उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता येत नाही की भाड्याने देता येत नाही.

६० दिवसांत पैसे भरले नाहीत तर दुसरी, ताबा नोटीस. ती दारावर लागते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. पुण्याच्या पेपरात अशा नोटिसा नेहमी दिसतात. बहुतेक वेळा हा कागदोपत्री ताबा असतो, लगेच कोणी घराबाहेर काढत नाही. प्रत्यक्ष ताबा घेताना विरोध झाला तर बँक जिल्हाधिकाऱ्यांची मदत मागते. ताब्याची कारवाई चुकीची वाटली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. असं न्यायाधिकरण पुण्यातही आहे.

तिसरी, विक्रीची ३० दिवसांची नोटीस. लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंत सगळं येणं खर्चासह भरलं तर घर परत मिळतं. त्यानंतर तो हक्क उरत नाही. म्हणून ताबा नोटीस आली की लिलावाची वाट बघत बसू नये.

सहकारी बँकेलाही हा कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० ला तसा निकाल दिला. पण शेतजमिनीवर या कायद्याने ताबा घेता येत नाही, आणि येणं एक लाखाच्या आत असेल तर हा कायदा लागतच नाही. बचत गटाच्या विनातारण कर्जातही या तीन नोटिसा येत नाहीत, तिथे वसुलीचा मार्ग वेगळा. पीककर्जाला तर ९० दिवसांची मोजणीही नसते, ती पिकाच्या हंगामांवर होते.

तेव्हा घरात कर्ज असेल तर आज पासबुक काढा. न भरलेल्या सर्वांत जुन्या हप्त्याची तारीख शोधा आणि त्यापुढचा नव्वदावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बँकेशी बोलायचं ते त्या खुणेच्या आधी.