आधी काटकोन, मग वर्गमूळ

भिंतीला टेकवलेली २५ फुटांची शिडी आहे. तिचा पाय भिंतीपासून ७ फुटांवर आहे. शिडीचे वरचे टोक ४ फूट खाली घसरले, तर पाय किती फूट सरकेल? बहुतेक जण पटकन ‘चार’ म्हणून मोकळे होतात. खरे उत्तर आठ आहे.

महाराष्ट्रात पायथागोरसचा सिद्धांत सातवीतच शिकवला जातो आणि तो पाठ नसलेला विद्यार्थी विरळाच. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही शाब्दिक उदाहरण आले की गाडी अडते, कारण उदाहरणात ‘काटकोन’ हा शब्द बहुधा नसतोच. तो ‘भिंत’, ‘उभा खांब’, ‘आयताकृती शेत’ किंवा ‘आधी उत्तरेकडे, मग पूर्वेकडे’ अशा शब्दांत दडलेला असतो. तो सापडल्याशिवाय कोणती बाजू कर्ण आहे हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय वर्गांची बेरीज करायची की वजाबाकी, हेही कळत नाही.

शिडीच्या उदाहरणात काटकोन भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात आहे. त्याच्या समोरची बाजू म्हणजे शिडी, म्हणून शिडी हाच कर्ण. कर्ण आधीच माहीत असल्याने इथे वजाबाकी करायची. २५ चा वर्ग ६२५, ७ चा ४९, वजाबाकी ५७६ आणि तिचे वर्गमूळ २४. म्हणजे शिडी भिंतीवर २४ फूट उंच पोचली होती. ती ४ फूट घसरली की उंची २० फूट होते, पण शिडीची लांबी काही बदलत नाही. ६२५ मधून ४०० वजा केले की २२५ उरतात, वर्गमूळ १५. पाय ७ फुटांवरून १५ फुटांवर गेला, म्हणजे आठ फूट सरकला.

घाईत २५ आणि ७ यांच्या वर्गांची बेरीज करणाऱ्याला उंची जवळजवळ २६ फूट मिळेल. २५ फुटांची तिरकी शिडी २६ फुटांवर पोचूच शकत नाही, एवढे पाहिले तरी चूक पकडता येते. कर्ण ही त्रिकोणातली सर्वांत लांब बाजू असते, पण उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा ती लहानच भरते. कोणतेही उत्तर या दोन कसोट्यांवर घासून पाहावे. शिडीची ही गणिते फार जुनी आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या एका बॅबिलोनियन मातीच्या पाटीवर भिंतीला लावलेला वासा घसरल्याचे असेच उदाहरण आहे.

कर्णच शोधायचा असेल, तर बेरीज करावी लागते. ३० फूट रुंद आणि ५० फूट लांब अशा प्लॉटवर घराची आखणी चालली आहे. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी गवंडी समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये दोरी ताणतो. ही दोरी प्लॉटचे दोन काटकोन त्रिकोण करते आणि दोन्हींत तीच कर्ण असते. ९०० अधिक २,५०० म्हणजे ३,४००. याचे वर्गमूळ पूर्ण संख्येत येत नाही, पण कागदावर काढता येते. ५८ चा वर्ग ३,३६४ होतो, वर ३६ उरतात. या ३६ ला ५८ च्या दुपटीने, म्हणजे ११६ ने भागले की सुमारे ०.३१ मिळतात. कर्ण झाला ५८.३१ फूट.

नेमकी इथेच एक फसगत होते. ५८.३१ फूट म्हणजे ५८ फूट ३१ इंच नव्हे, आणि ५८ फूट ३.१ इंचही नव्हे. फुटात बारा इंच असल्याने ०.३१ ला १२ ने गुणायचे, म्हणजे सुमारे पावणेचार इंच येतात. चारही बाजू बरोबर आहेत आणि दोरी ५८ फूट पावणेचार इंच भरली, तर कोपरे काटकोनात आहेत. दोरी कमी भरली तर जिथे ३० आणि ५० फुटांच्या बाजू मिळतात आणि ज्याच्यासमोर दोरी आहे तो कोपरा आवळलेला आहे, आणि जास्त भरली तर तो फाकलेला आहे.

शेताच्या बाबतीत ही तपासणी आणखी महत्त्वाची ठरते, कारण कागदावर चार बाजू दिल्या म्हणजे कोपरे काटकोनीच असतील असे नाही. समोरासमोरच्या बाजू ३० आणि ४० मीटर असलेले एक शेत घेऊ. ते आयत असेल, तर कर्ण ५० मीटर भरायला हवा आणि क्षेत्रफळ १,२०० चौरस मीटर यायला हवे. पण प्रत्यक्ष मोजणीत एक कर्ण ४० मीटरच भरला. म्हणजे शेत कललेले आहे आणि लांबी गुणिले रुंदी हा हिशेब इथे चालणार नाही.

शेतात काटकोन नसेल, तर तो तयार करावा लागतो. मोजलेल्या कर्णाने शेताचे ३०, ४०, ४० मीटर बाजूंचे दोन सारखे त्रिकोण होतात. त्यातल्या एकाच्या शिरोबिंदूतून ३० मीटरच्या बाजूवर लंब टाकला की ती बाजू मधोमध दुभागते, आणि ४० मीटर कर्ण व १५ मीटर पाया असलेला काटकोन त्रिकोण मिळतो. १,६०० वजा २२५ म्हणजे १,३७५, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३७.०८. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ ५५६ चौरस मीटर, तर दोन्हींचे मिळून सुमारे १,११२ आले. आयत समजून घेतलेल्या क्षेत्रापेक्षा हे ८८ चौरस मीटर कमी आहे, म्हणजे पाऊण गुंठ्याहून जास्त जमीन फक्त कागदावरच होती.

काटकोन ओळखूनही एकच बाजू हाती लागते, असा प्रकार भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त आहे. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? काटकोन बुंध्यापाशी आहे. मोडून तिरका झालेला भाग कर्ण, उभा राहिलेला भाग दुसरी बाजू आणि दोन्हींची बेरीज ३२. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. इथे ती वजाबाकी १६ चा वर्ग, म्हणजे २५६ आहे. तिला ३२ ने भागले की फरक ८ मिळतो. बेरीज ३२ आणि फरक ८, तेव्हा कर्ण २० हात आणि बांबू मोडला १२ हातांवर. वर्गमूळ काढायची वेळच आली नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद आहे. त्याच ‘लीलावती’तले आणखी एक कोडे वाचकांनी स्वतः सोडवून पाहावे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे. २७ हातांवरून साप बिळाकडे येताना दिसताच मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? आधी आकृती काढून काटकोनावर खूण करावी. उत्तर १२ हात यायला हवे.