एका रविवारात चार फराळ

वहिनींच्या पाककृतींच्या चॅनेलसाठी दिवाळीच्या तीनेक आठवडे आधीच्या एका रविवारी आम्ही चार व्हिडिओ उरकतो: बेसन लाडू, शंकरपाळी, चिवडा आणि चकली. एकेक वेगळ्या दिवशी करायचा तर दर वेळी ओटा रिकामा करा, दिवे लावा, ट्रायपॉड बसवा, माइक जोडा. यातच तासभर जातो. एकदा मांडलेलं मोडायचं नाही, वेळ वाचतो तो एवढ्यानेच. पण मांडणीत चूक राहिली, तर तीही चारही व्हिडिओंत जाते. म्हणून पहिला मिनिटभराचा तुकडा घेऊन तो हेडफोन लावून ऐकल्याशिवाय आम्ही पुढे सरकत नाही.

सगळ्यात दगा देतो तो उजेड. खिडकीतलं ऊन सकाळी एक असतं, दुपारी वेगळंच. पडदा ओढून फक्त दोन एलईडी दिव्यांवर काम केलं की पहिली आणि शेवटची कढई सारखीच दिसते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही लॉक करावा लागतो. तो ऑटोवर असला की चौकटभर पिवळं बेसन बघून कॅमेरा बिचकतो आणि चित्र निळसर करून टाकतो.

क्रम पाककृतींचा नव्हे, कामाचा लावायचा. बेसन भाजून निवायला वेळ लागतो, गरमात पिठीसाखर घातली तर ती वितळते. म्हणून लाडू सगळ्यात आधी. तो निवेपर्यंत शंकरपाळीचं पीठ मळून ठेवायचं, मग चिवडा. तळण शेवटी, कारण तेलाची वाफ लेन्सवर बसते आणि चित्र धुरकट होतं. लहान पडद्यावर ते कळत नाही. दिव्याभोवती प्रभा दिसायला लागली की समजायचं, लेन्स पुसायला हवी.

चारही प्रस्तावना मात्र सकाळीच, आवाज ताजा असताना, एक्झॉस्ट आणि फ्रिज बंद करून. (फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली आत ठेवायची.) पहिल्या वर्षी इथेच फसलो. वहिनींनी चार प्रस्तावना चार साड्यांत केल्या आणि स्वयंपाक सगळा शेवटच्या साडीत. त्यामुळे चकली सांगणाऱ्या बाई पिवळ्या बाहीच्या आणि सोऱ्या फिरवणारा हात हिरव्या बाहीचा! आता स्वयंपाकात चौकट मनगटाच्या वर जाऊ देत नाही, आणि बांगड्या दिवसभर त्याच.

पाचवा व्हिडिओ एकदा रेटून बघितला, तर वहिनींचा घसा बसला आणि हात भराभर चालू लागले. अनारशांचा हट्ट तर कधीच सोडला. त्यांचे तांदूळच तीन दिवस भिजतात.