आधी मेथी, शेवटी भोपळा

डोंबिवलीतलं चार माणसांचं एक घर घेऊ. नवरा-बायको दोघंही लोकलने नोकरीला जाणारे, सासूबाई घरी, मुलगी सहावीत. सकाळी सातला डबे भरलेले हवेत आणि संध्याकाळी माणसं घरी पोचतात आठच्या पुढे. पोळ्यांना मावशी येतात, भाजी-आमटी मात्र घरचीच. अशा घरात रोज नव्याने स्वयंपाक मांडणं जमत नाही आणि रविवारी एकदाच सगळं शिजवून आठवडाभर गरम करत राहिलं, तर गुरुवारनंतर ते खाण्यासारखं राहत नाही. या घराला दोन ठरलेले स्वयंपाकाचे दिवस आणि त्यांना धरून केलेला बाजार लागतो.

हा बेत एका साध्या गोष्टीवर उभा आहे. प्रत्येक भाजीला दोन मुदती असतात, एक कच्ची असतानाची आणि दुसरी शिजल्यानंतरची. फ्रिजमध्ये मेथी तीन दिवस बरी राहते, भेंडी-गवार चार दिवस, फ्लॉवर पाच-सहा दिवस, कोबी आणि दुधी आठवडाभर. न चिरलेला लाल भोपळा फ्रिजबाहेरही कित्येक आठवडे टिकतो. शिजवल्यावर मात्र हा फरक मिटतो. मेथीची भाजी असो की दुधीची, फ्रिजमध्ये ती जास्तीत जास्त तीन-चार दिवसांची, आणि चव राहते त्याहूनही कमी. म्हणजे रविवारीच दुधी शिजवून ठेवला, तर त्याची आठवड्याची मुदत आपणच निम्मी करतो. दुधी कच्चाच राहू द्यावा आणि मेथी आधी संपवावी.

दोनच दिवस का, आणि कोणते

शिजलेल्या अन्नाची मुदत तीन-चार दिवस धरली, की एका दिवसाच्या स्वयंपाकावर सहा दिवस निघत नाहीत. रविवार आणि बुधवार हे दोन दिवस धरले, तर कुठलीही तयारी चार दिवसांपेक्षा जुनी होत नाही. आपल्याकडे अनेक घरांत वार ठरलेलेच असतात. सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी, बुधवार-रविवार मासे-मटणाचे, मंगळवारी कुणाचा तरी उपास. त्यामुळे रविवार-बुधवार ही जोडी बऱ्याच घरांत आपोआप बसते. मासे आणले त्याच दिवशी संपवायचे असतात, म्हणून ते आठवड्याच्या बेतात साठवणीला धरायचेच नाहीत.

बाजारही दोनदाच. डाळी, तांदूळ, तेल, मसाले महिन्याच्या वाण्याच्या यादीत. रविवारी सकाळी मोठी भाजी, आणि बुधवारी स्टेशनवरून येताना छोटी खरेदी, म्हणजे कोथिंबिरीची जुडी, टोमॅटो, फळं, अंडी. मोठ्या खरेदीची यादी शनिवारी रात्री, फ्रिज उघडून आणि टोपली बघून करायची. अर्धा कोबी शिल्लक असेल तर कोबी यादीतून गेला.

एक आठवडा प्रत्यक्षात

आपल्या डोंबिवलीच्या घराची रविवारची खरेदी अशी: मेथीच्या दोन जुड्या, पालक आणि कोथिंबिरीची एकेक, अर्धा किलो भेंडी, अर्धा किलो गवार, एक फ्लॉवर, एक छोटा कोबी, एक दुधी, अर्धा किलो लाल भोपळा, दोन किलो कांदे, एक किलो बटाटे, एक किलो टोमॅटो. टोमॅटो निम्मे पिकलेले आणि निम्मे कडक घ्यायचे. कडक टोमॅटो बाहेर परडीत पिकत जातात आणि गुरुवारपर्यंत कामाला येतात.

घरी आल्यावर पालेभाजी आधी हातात घ्यायची. जुडी सोडायची, पिवळी आणि चिंबलेली पानं काढायची, पण धुवायची नाही. पानांवर राहिलेल्या पाण्यानेच भाजी सडते. निवडलेली मेथी कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली, की पानांतून सुटणारा ओलावा फडकं शोषून घेतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, छपाईची शाई अन्नाला लागते. पिकलेली केळी आणि सफरचंदं पालेभाजीपासून लांब ठेवायची. त्यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात. कांदे आणि बटाटेही वेगवेगळ्या टोपल्यांत, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी ठेवायचे. बटाट्याचा ओलावा लागून कांदे सडतात, आणि उजेडात राहिलेला बटाटा हिरवा पडतो. तो कडवट हिरवा भाग अपायकारक असतो. खूपच हिरवा झालेला बटाटा टाकूनच द्यावा.

रविवारी दुपारचं जेवण झालं, की दीड-दोन तासांची तयारी. शनिवारी रात्री भिजवलेले दीड वाटी काबुली चणे कुकरला लावायचे. ते शिजेपर्यंत कांदा-खोबऱ्याचं वाटण करायचं. चार मध्यम कांदे उभे चिरून तेलावर तांबूस होईपर्यंत परतायचे, एक वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजायचं, लसूण-आलं घालून शक्य तितक्या कमी पाण्यात वाटायचं. भाजण्याने पाणी उडतं, म्हणून हे वाटण फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. ओल्या नारळाचं वाटण दुसऱ्या दिवशीच उतरायला लागतं, ते लागेल तेव्हाच करावं. तयार वाटण एका मोठ्या डब्यात न भरता दोन छोट्या डब्यांत भरायचं, म्हणजे एका वेळी एक डबा संपतो. सारखा चमचा बुडवलेला डबा आधी आंबतो.

यानंतरचे वार भाज्यांच्या मुदतीप्रमाणे लागतात. सोमवारच्या डब्याला मेथी, रात्री वरणभात आणि पालकाची पातळ भाजी. मंगळवारी डब्याला भेंडी. ती आदल्या रात्री धुऊन पुसून ठेवायची आणि सकाळी चिरायची. रात्री उकडलेले चणे आणि वाटणाचा पहिला डबा, वीस मिनिटांत छोले तयार. मंगळवारी सकाळीच वाटीभर मटकी भिजत घालून रात्री फडक्यात बांधायची. बुधवारी डब्याला गवार. रात्री वाटणाच्या दुसऱ्या डब्यातली अंडाकरी, आणि तोवर मटकीला मोड आलेले असतात. वाटीभर मटकीची दोन-अडीच वाट्या होते.

बुधवार रात्र ही दुसरी, छोटी पाळी. फ्लॉवरचे तुरे काढायचे, कोथिंबीर निवडायची, मोड आलेली मटकी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची. पाऊण तासाचं काम. गुरुवारी डब्याला फ्लॉवर-बटाटा, रात्री मटकीची उसळ. शुक्रवारी डब्याला कोबी, रात्री दुधी-चणाडाळ. शनिवारी भोपळ्याची भाजी आणि रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, त्यात उरलेलं गाजर, फ्लॉवरचे दोन तुरे, मूठभर मटार जे असेल ते. चिरलेला भोपळा आणला असेल तर मात्र तो शनिवारपर्यंत थांबवू नये. चिरलेल्या बाजूने तो तीन-चार दिवसांत बुळबुळीत होतो, म्हणून त्याची आणि फ्लॉवरची अदलाबदल करावी.

फ्रिज किती सांभाळतो

फ्रिज थंड असला तरी अन्न बाहेर किती वेळ राहिलं, यावर बरंच ठरतं. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेवढा वेळ पुरतो. पसरट डब्यांत वाटून ठेवलं तर ते लवकर गार होतं. फ्रिज गच्च भरला की थंड हवा फिरत नाही, हेही लक्षात ठेवावं. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो.

भाताबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथेच आपल्या घरांत सर्रास चूक होते. रात्रीचा उरलेला भात कुकरमध्येच ओट्यावर राहतो आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष सकाळच्या फोडणीने नष्ट होत नाही. भाताला वास येत नाही, चवही बदललेली नसते, त्यामुळे हुंगून काही कळत नाही. उपाय सोपा आहे. जेवणं उरकली की भात ताटात पसरून गार करायचा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा. आठवड्याच्या बेतात भात आधी करून ठेवू नये, तो रोज लागेल तेवढाच लावावा.

बाकी पदार्थ बहुधा खूण देतात. उकडलेल्या कडधान्यावर फेस दिसला, पाणी तारेसारखं ओढलं गेलं, मोड बुळबुळीत लागले, वाटणाच्या डब्याचं झाकण उघडताना बुडबुडे आले, तर ते टाकून द्यावं. उकळून वाचवण्याचा प्रयत्न करू नये. खूण दिसली नाही तरी चार दिवसांच्या पुढे शिजलेलं अन्न ठेवू नये. डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहिला, तर सासूबाईंनाही विचारावं लागत नाही आणि मावशींनाही.

कुठे बेत बदलावा लागतो

पावसाळ्यात पालेभाजी भिजलेली आणि चिखलाची येते. फडक्यात ठेवूनही ती दीड दिवसापेक्षा जास्त राहत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रविवारी एकच जुडी घ्यावी आणि आठवड्याचा भार दुधी, भोपळा, सुरण आणि कडधान्यांवर टाकावा. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर वाटणाची जागा भाजलेल्या तिळा-दाण्याच्या कुटाने घ्यावी. ते कोरडं असल्याने आणखी टिकतं. एकादशी-चतुर्थी आठवड्यात आली, तर त्या दिवसाची भाजी पुढे ढकलली जाते. तेव्हा ढकलायची ती कोबी किंवा दुधी, मेथी-भेंडी नव्हे.

घर चौघांचं असो की दोघांचं, वार आणि भाज्या बदलतील, क्रम तोच राहील. या रविवारी पिशवी रिकामी करताना भाज्या त्या क्रमाने ओट्यावर मांडा: पाला, मग शेंगा आणि भेंडी, मग फ्लॉवर-कोबी, शेवटी दुधी-भोपळा. सोमवार ते शनिवारचे डबे तुमच्यासमोर लागलेले असतील.