डोम घ्यायचा की बुलेट? मामांच्या दुकानातल्या दोन कॅमेऱ्यांची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटले असतील, तर इथे सावकाश वाचा.

सांगलीत माझ्या मामांचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दहा फूट रुंद, वीस फूट खोल, तोंड पश्चिमेला. एका संध्याकाळी पाचच्या सुमारास काउंटरवरून गिऱ्हाईकाचा दुरुस्तीला आलेला फोन गेला. मामा जेवायला घरी गेले होते आणि दुकानात फक्त कामाला असलेला मुलगा होता. गिऱ्हाईकाचा संशय सरळ त्याच्यावर. मामा म्हणाले, "थांबा, दोन कॅमेरे आहेत, बघूया."

बघितलं. आतल्या कॅमेऱ्यात एक काळी आकृती आत येते, काउंटरशी वाकते आणि निघून जाते. चेहरा नाहीच. बाहेरच्या कॅमेऱ्यात फक्त छज्जा दिसत होता, कारण कोणीतरी तो काठीने वर ढकलला होता. कधी ढकलला, तेही कळेना. फोनचे पैसे मामांनी भरले, पण मुलावरचा संशय काही पुसला गेला नाही.

मग मामांनी मला फोन केला. "तू कॉम्प्युटरवाला ना? सांग, डोम घेऊ की बुलेट?" मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण शनिवार-रविवार जाऊन बसलो. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढू

डोम म्हणजे छताला चिकटलेली वाटी, बुलेट म्हणजे पुढे आलेली नळी. "डोम जास्त रुंद बघतो, बुलेट लांबचं बघतो" असं दुकानदार सांगतात. पण किती रुंद दिसणार हे आकारावर नाही, लेन्सवर ठरतं. बॉक्सवर २.८ एमएम लिहिलं असेल तर साधारण १०० अंशांचा पट्टा दिसतो. ३.६ एमएममध्ये तो कमी होतो, ६ एमएममध्ये जवळपास निम्म्यावर येतो. दोन्ही आकारांत या सगळ्या लेन्स मिळतात.

आता गंमत बघा. टू मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. मामांचा आतला कॅमेरा, २.८ एमएमचा बुलेट, मागच्या भिंतीवर होता आणि शटरकडे बघत होता. शटर सहा मीटरवर. तिथे १०० अंशांत चौदा मीटरहून जास्त रुंदी मावते, म्हणून माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे जेमतेम वीस पिक्सेल येतात. ओळखीचा माणूस चालीवरून कळेल, अनोळखी नाही. तोच माणूस दोन मीटरवर असेल तर चेहऱ्याला साठच्या आसपास पिक्सेल मिळतात. लेन्स तीच, फक्त जागा बदलली.

काळी आकृती का दिसली?

पश्चिमेचं दुकान, संध्याकाळचं ऊन थेट दारात. कॅमेरा दाराकडे तोंड करून असला की तो बाहेरच्या उजेडाप्रमाणे चित्र जुळवतो आणि आतला माणूस काळा पडतो. मेन्यूत WDR नावाची सोय असते, ती उजेड-अंधार दोन्ही सांभाळते. स्वस्त कॅमेऱ्यांत मात्र DWDR असतं. ते आधीच काढलेलं चित्र नंतर उजळवतं, त्यामुळे कडक उन्हासमोर फारसं टिकत नाही. खरा उपाय म्हणजे दाराकडे बघायचंच नाही.

मामांचं काउंटर उजव्या भिंतीला समांतर आहे. आम्ही काउंटरमागे, साडेआठ फुटांवर, छताला डोम लावला आणि त्याचं तोंड समोरच्या भिंतीकडे केलं. आता गिऱ्हाईक काउंटरशी उभं राहिलं की चेहरा दोन मीटरवर, समोरून, मागे साधी भिंत. दार चित्राच्या कडेला राहतं. कॅमेरा याहून वर किंवा माणसाच्या अगदी डोक्यावर नेला असता, तर फक्त टोप्या आणि टक्कल दिसलं असतं.

इथे डोमच का? छत कमी उंचीचं आहे आणि पुढे आलेल्या नळीला सामान काढताना धक्का लागला असता. शिवाय डोमचं तोंड कुठे आहे ते खालून पटकन कळत नाही.

डोमची रात्रीची खोड

पहिल्या रात्री चित्र दुधाळ आलं. दिवसा एकदम स्वच्छ! कारण रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो उजेड वाटीच्या आतून परत लेन्सवर येतो. ओळखायची युक्ती: मेन्यूतून इन्फ्रारेड बंद करा. चित्र काळोखं झालं, पण दुधाळपणा गेला, तर दोष परावर्तनाचाच. लेन्सभोवती फोमची रिंग असते, ती वाटीला नीट टेकली पाहिजे. आमची तिरकी बसली होती. वाटीवरचं प्लॅस्टिक, बोटांचे ठसे, धूळ यांनीही हेच होतं. म्हणून रस्त्याच्या धुळीत आणि पावसाच्या झडीत मी डोम टाळतो.

बाहेर बुलेटच, पण जागा बदलून

बाहेर मोडतोडीचा प्रश्न. मजबूत धातूच्या डोमवर आयके-१० लिहिलेलं असतं. म्हणजे पाच किलोचं वजन चाळीस सेंटिमीटरवरून पडलं, तेवढा मार तो सोसतो. साध्या प्लॅस्टिकच्या डोममध्ये ही ताकद नसते, म्हणून "डोम म्हणजे फुटत नाही" यावर विसंबू नका. आणि रंगाचा फवारा मारला किंवा कापड टाकलं तर आयके-१० काय करणार?

आमची अडचण फुटण्याची नव्हती, वळवण्याची होती. बुलेट आठ फुटांवर होता, वायर खाली लोंबत होती. तो काढून अकरा फुटांवर नेला, वायर मागच्या डब्यातून थेट भिंतीत घातली आणि सांध्याचा स्क्रू अ‍ॅलन कीने घट्ट आवळला. लांब बांबूने आजही वळवता येईल, पण जाता जाता नाही.

दिशाही बदलली. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडून कलतो. म्हणून कॅमेरा दुकानाच्या दक्षिण टोकाला लावून तोंड उत्तरेला केलं. लेन्स ३.६ एमएमची. तो आता रस्त्याकडे न बघता शटरला समांतर बघतो, कुलूप चारेक मीटरवर येतं. वरची टोपी ऊन आणि पाऊस अडवते. एक त्रास उरतो, कोळ्याच्या जाळ्यांचा. इन्फ्रारेडच्या उजेडात रात्री ती पांढऱ्या दोऱ्यांसारखी चमकतात, म्हणून महिन्यातून एकदा झाडू फिरवायचा.

थोडक्यात

आत, हाताच्या अंतरावर आणि सावलीत डोम. बाहेर, उंचावर, ऊन-पावसात बुलेट. ऊन-पाऊस नाही पण हात पोचतो, अशा ठिकाणी धातूचा आयके-१० डोम. खरेदीआधी मोबाईल घेऊन त्या जागी स्टुलावर उभे राहा, संध्याकाळी पाच वाजता एक फोटो काढा. चेहरा काळा आला तर जागा बदला, कॅमेरा नाही.

तो फोन काही सापडला नाही. पण मुलगा अजून मामांकडेच आहे. रोज सकाळी शटर उघडलं की तो आधी मोबाईलवर बाहेरचा कॅमेरा बघतो. चित्रात कुलूप ठरलेल्या कोपऱ्यात दिसलं की मगच काउंटर पुसायला घेतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्या दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ते कळवा. पुढच्या भागात रेकॉर्डिंग किती दिवस साठवायचं, ते बघू. भेटूया!