अल्ट्रासोनिक तपासनीसाच्या तीन पायऱ्या

वेल्डच्या आतली चीर ध्वनिलहरींनी शोधणाऱ्या तंत्रज्ञाला प्रमाणपत्र बहुधा त्याची कंपनीच देते. आधार असतो अमेरिकेतील ‘एएसएनटी’ या संस्थेच्या एसएनटी-टीसी-१ए या शिफारशींचा. बारावीपर्यंत शिकलेल्या उमेदवाराला लेव्हल १ साठी ४० तासांचे प्रशिक्षण लागते. शिवाय अनुभवाचे ४०० तास हवेत आणि त्यांतले किमान २१० अल्ट्रासोनिकचेच. उरलेले १९० तास पेनिट्रंटसारख्या दुसऱ्या चाचणीवर भरले तरी चालतात. म्हणजे रोज आठ तास धरले, तर ५० दिवसांचे काम. या काळात त्याला निकाल स्वतंत्रपणे देता येत नाही.

लेव्हल २ साठी आणखी ४० तास प्रशिक्षण आणि १,२०० तास अनुभव लागतो. पैकी ६३० याच पद्धतीचे. थेट लेव्हल २ गाठायची असेल, तर दोन्ही टप्प्यांच्या तासांची बेरीज होते. पायरी गाळता येते, तास गाळता येत नाहीत. म्हणूनच नोंदवहीत तारीख, पद्धत, तास आणि देखरेख करणाऱ्याची सही हवी. नुसते ‘सहा महिने एनडीटी’ लिहिल्यास २१० तास सिद्ध होत नाहीत.

लेव्हल ३ चा अनुभव वर्षांत मोजतात: अभियांत्रिकी पदवीधराला लेव्हल २ नंतर एक वर्ष, बारावीपर्यंत शिकलेल्याला चार.